दार उघडल्यापासून पहिली वस्तू हलेपर्यंत

प्रश्न: नवी मुंबईत बीट मार्शल म्हणून नुकतीच नेमणूक झाली आहे. ११२ चा कॉल आला, घरात माणूस पडलेला आहे आणि सगळ्यात आधी आम्ही दोघेच पोहोचलो, तर साहेब आणि फॉरेन्सिकवाले येईपर्यंत आम्ही नेमकं काय करायचं? फोटो आधी की नकाशा आधी? आणि आमच्याच हातून काही हललं तर?

उत्तर:

फोटो आधी, नकाशा नंतर, आणि दोन्ही झाल्याशिवाय काही उचलायचं नाही. हललेली वस्तू परत जागेवर ठेवायची नाही; हलली तशी लिहायची. हे दोन नियम सांगून भागलं असतं. पण प्रत्यक्षात घोळ होतो तो दारात उभं राहिल्यापासूनच्या पहिल्या दहा मिनिटांत, म्हणून एक घर डोळ्यासमोर धरून सांगतो.

कोपरखैरणेच्या एखाद्या सेक्टरमधलं रांगेतलं घर घ्या. तळमजला, पुढे अरुंद गल्ली, दारासमोर हातभर ओटा आणि त्यापुढे चिखलाची पट्टी. आत हॉल, मागे किचन, किचनला लागून मोरी. यायला-जायला दार एकच. जुलै महिना, रात्रीचे पावणेनऊ, पाऊस थांबून थांबून पडतोय. दार अर्धवट उघडं, हॉलमध्ये एक पुरुष पालथा पडलाय, बाजूला सुरी. दारात सात-आठ शेजारी आणि आत एक बाई रडतेय.

पहिली नोंद घड्याळाची. पोहोचल्याची वेळ, कॉल मिळाल्याची वेळ आणि दारात कोण कोण उभं होतं, हे खिशातल्या वहीत तिथल्या तिथे लिहा. मग धोका बघा. आत अजून कोणी लपलेलं आहे का, गॅसचा वास येतोय का. गॅसचा वास असेल तर बटण चालू-बंद करायचं नाही, मोबाइल आत वापरायचा नाही. लोकांना बाहेर काढायचं, दार-खिडकी उघडायची, व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि आधी काय कसं होतं ते लिहायचं. जीव वाचवण्यासाठी केलेल्या बदलाबद्दल कोर्टात कोणी बोट दाखवत नाही. बोट दाखवलं जातं ते न लिहिलेल्या बदलाकडे.

मग पडलेल्या माणसाकडे. जिवंत असण्याची जराशीही शक्यता असेल तर पुराव्याचा विचार दुय्यम: १०८ ला फोन, आणि तोवर जमेल ती मदत. "मयत आहे" हे ठरवणं डॉक्टरांचं काम. तुम्ही फक्त दिसलं ते लिहा: हालचाल नाही, श्वास जाणवत नाही, अंग थंड लागलं की गरम, कुठे हात लावून पाहिलं. ॲम्ब्युलन्सचे लोक आत शिरले तर एकाने त्यांच्याबरोबर भिंतीकडेनं चालायचं आणि त्यांनी काय सरकवलं, काय कापलं, कुठले हातमोजे आणि पाकिटं मागे टाकली ते टिपायचं. कपडे कापायचे असतील तर वार जिथून गेला त्या छिद्रातून कात्री घालू नका, बाजूने कापा, एवढं एक वाक्य त्यांना सांगून ठेवा. ते छिद्र आणि जखम जुळवून बघायची असते. कात्रीने छिद्र फाडलं की जुळवायला उरत नाही. आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या बुटांच्या तळव्यांचा एकेक फोटो काढून ठेवा. नंतर फरशीवर अनोळखी ठसा सापडला की पहिला प्रश्न हाच असतो की हा त्यांचा तर नाही.

आत जाताना वाट एकच ठरवायची. ज्या घराला दार एकच, तिथे आरोपी आणि तुम्ही एकाच उंबऱ्यावरून जाणार, त्याला इलाज नाही. पण दारातून सरळ मधून न चालता डाव्या किंवा उजव्या भिंतीला चिकटून चाला. माणूस घाईत पळताना भिंतीला घासत नाही, मधून पळतो. ज्या वाटेनं गेलात तिथूनच परत या, खडूने ती आखा, आणि नंतर येणारा प्रत्येक जण त्याच आखलेल्या पट्टीवरून जाईल असं बघा. हात खिशात किंवा पाठीमागे. दाराच्या मुठीला हात न लावता कोपराने किंवा दाराची वरची कड ढकलून आत शिरा, आणि दार आधी किती उघडं होतं ते ढकलण्याआधी बघा.

आता त्या घरात तुम्ही काय करायचं नाही, ते आपल्याकडच्या सवयींच्या हिशोबाने सांगतो, कारण घटनास्थळ बिघडतं ते याच सवयींनी. पंखा लावायचा नाही. केस, धागे उडतात, रक्त वाळण्याचा वेग बदलतो. दिवा चालू असेल तर चालूच, बंद असेल तर बंदच, उजेडाला टॉर्च. मोरीत हात धुवायचे नाहीत, नळ सोडायचा नाही, कारण आरोपीने तिथेच हात धुतले असतील तर जाळीतलं आणि खालच्या पाइपमधलं पाणी हाच पुरावा आहे. संडास वापरायचा नाही. घरातल्या खुर्चीत बसायचं नाही, घरातलं पाणी प्यायचं नाही. चहा, सिगारेट, तंबाखू, गुटखा आतल्या दोरीच्या आत अजिबात नाही. थुंकी म्हणजे डीएनए, आणि तो तुमचा निघाला तर बचाव पक्षाला आयती सोय. मयताचा मोबाइल वाजला तर उचलायचा नाही. स्क्रीनवर दिसलेलं नाव किंवा नंबर आणि वेळ लिहा, जमल्यास न शिवता स्क्रीनचा फोटो घ्या.

रडणाऱ्या बाईला बाहेर आणताना ओढाताण नको. महिला अंमलदार मागवा. त्या येईपर्यंत शेजारच्या एखाद्या वयस्क बाईला हाताशी धरा. तिला बाजूच्या घरात बसवा, पण इतर शेजाऱ्यांपासून वेगळं. चार माणसं एका ओट्यावर बसली की दहा मिनिटांत चौघांची हकिकत एकच होते. आणि तिने मयताला मिठी मारली होती का, डोकं मांडीवर घेतलं होतं का, त्याला उताणा-पालथा केला का, हे शांतपणे विचारून घ्या. तिच्या साडीवरचं रक्त तिथून आलं की दुसरीकडून, हा प्रश्न पुढे येणारच असतो.

आपल्याकडे आणखी एक होतं. पोलीस यायच्या आत कोणीतरी मायेनं चादर टाकतो, कोणी तोंडात तुळशीपत्र आणि पाणी घालतो, कोणी डोक्याशी दिवा लावतो. चादर टाकलेली असेल तर ती ओढून काढू नका. ती तशीच फोटोत येऊ द्या, कोणी टाकली, कुठल्या कपाटातून किंवा पलंगावरून आणली, ते लिहा. चादरीचे धागे मयताच्या कपड्यांवर आणि मयतावरचे केस चादरीला गेलेले असतात, म्हणून नंतर ती स्वतंत्र मुद्देमाल म्हणून जाते. दिव्याची ज्योत विझवावी लागली तर तेही लिहा. नाहीतर पंचनाम्यात "डोक्याजवळ तेलाचा दिवा" येतो आणि सहा महिन्यांनी कोणी विचारतं की खून करून दिवा कोणी लावला.

दोरी बांधताना पहिल्यांदा मोठा घेर घ्या. घेर नंतर लहान करता येतो. लहान घेर मोठा करायला जाल तोपर्यंत बाहेरची जागा तुडवून झालेली असते. या घराला तीन घेर लागतात. सगळ्यात आतला म्हणजे हॉल, किचन आणि मोरी. मधला म्हणजे ओटा, चिखलाची पट्टी आणि शेजारच्या दोन-दोन घरांसमोरची गल्ली. साहेब, पंच, फोटोग्राफर इथे उभे राहतील. बाहेरचा गल्लीच्या दोन्ही तोंडांना. लोक आणि पत्रकार त्याच्या पलीकडे. टेप नसेल तर नायलॉनची दोरी, तीही नसेल तर आडवी लावलेली मोटरसायकल चालते. सोसायटीची इमारत असेल तर मधल्या घेरात जिना, लिफ्ट आणि गच्ची धरा, आणि पहाटे कचरा उचलायला येणाऱ्यांना त्या दिवशी डबे उचलू देऊ नका. रक्ताचा कपडा किंवा हत्यार डब्यात जाणं नवीन नाही.

दोरीपाशी जो उभा राहील त्याच्याकडे एक साधी वही द्या: नाव, हुद्दा, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, आत जाण्याचं कारण. वरिष्ठ आले तरी हीच वही. अवघड वाटतं, पण "सर, नोंद घेतो" इतकंच म्हणायचं असतं. या वहीचा एक फायदा असा की कारण लिहायचं म्हटल्यावर नुसतं बघायला आलेले निम्मे लोक बाहेरच थांबतात. ठाणे-बेलापूर रोडवर संध्याकाळी गाडी अडकली की फॉरेन्सिकवाल्यांना यायला तास-दीड तास सहज लागतो, आणि तेवढ्या वेळात घरात शिरू पाहणाऱ्यांची रांग वाढतच जाते.

वाट बघण्याच्या त्या वेळात एक काम फक्त तुम्हीच करू शकता. ज्या गोष्टी फोटोत येत नाहीत आणि तासाभरात नाहीशा होतात, त्या लिहून ठेवा. दारूचा किंवा फिनेलचा वास, शेगडीची ऊब, टीव्ही चालू होता का आणि कितीच्या आवाजात, ग्लासातला बर्फ विरघळला होता की नाही, चहा गरम होता की साय धरली होती, फरशी ओली होती की पुसल्यासारखी, दाराची कडी आतून होती की बाहेरून. फॉरेन्सिकवाले येतील तेव्हा शेगडी गार झालेली असते. मग तुमची ही दोन ओळींची नोंदच उरते.

दारातल्या चपलांचंही तसंच. आपल्या घरांत चपला दाराबाहेर किंवा उंबऱ्याशी काढतात, आणि त्या ढिगात आरोपीची चप्पल राहिलेली असू शकते, किंवा घाईत त्याने दुसऱ्याचीच घालून नेलेली असू शकते. पण शेजारी मदतीला आत शिरताना त्याच ढिगात आपल्या चपला काढतात आणि बाहेर येताना घालून जातात. म्हणून बाईला बाहेर आणण्याआधी, घोळका पांगवण्याआधी, चपलांचा एक फोटो वरून आणि एक बाजूने. दहा सेकंदांचं काम आहे. पांगवताना कोण कुठली घालतोय तेही बघून घ्या.

आणि चिखलाची पट्टी. पाऊस पुन्हा येणार म्हटल्यावर तिथला बुटाचा ठसा थांबणार नाही, म्हणून आतल्या कोणत्याही फोटोच्या आधी त्याचा फोटो. पावसाचं पाणी वरून न येता वाहत येतंय का ते बघा; तसं असेल तर ठशाच्या वरच्या अंगाला मातीची छोटी पाळ घाला, मग ठशावर पालथं घमेलं, कडा ठशाला लागणार नाहीत असं. प्लॅस्टिक नुसतं अंथरू नका, ते ठशावर बसतं आणि ठसा सपाट करतं.

या ठशाचा फोटो नीट कसा घ्यायचा ते थोडं जवळून बघू, कारण इथे चूक झाली तर ती नंतर दुरुस्त होत नाही. कॅमेरा ठशाच्या बरोबर वर, जमिनीला समांतर. तिरका घेतला की ठशाची एक बाजू लांब दिसते. ठसा चौकटीत पूर्ण भरेल इतका जवळ, आणि बाजूला मोजपट्टी. मोजपट्टी चिखलाच्या वरच्या थरावर ठेवायची नाही. ठशाच्या तळाच्या पातळीला येईल अशी, बाजूला थोडी माती उकरून ठेवायची. कारण साधं आहे. ठसा दोन सेंटीमीटर खोल आहे आणि कॅमेरा ठशाच्या तळापासून ५० सेंटीमीटरवर आहे असं धरा. वर ठेवलेली पट्टी कॅमेऱ्यापासून ४८ सेंटीमीटरवर येते, म्हणून ती खऱ्यापेक्षा मोठी दिसते, आणि त्या पट्टीने मोजलं की २८ सेंटीमीटरचा ठसा जेमतेम २६.९ भरतो. बुटाचा एक नंबर यात फिरतो. शेवटी टॉर्च: फ्लॅश वरून मारला की ठसा सपाट दिसतो, म्हणून फ्लॅश बंद, आणि जोडीदाराने टॉर्च जमिनीलगत, तिरका धरायचा. एकदा पुढून, एकदा मागून, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, असे चार फोटो. प्रत्येकात तळव्याची वेगळी रेघ उठते. बाजूला नाणं किंवा पेन ठेवून काढलेला फोटो काही नसण्यापेक्षा बरा, पण पंधरा सेंटीमीटरची स्टीलची पट्टी बीट मार्शलच्या डिकीत असायला काय हरकत आहे?

आता आतले फोटो. फॉरेन्सिक टीमचा फोटोग्राफर येणार असेल तर आत तुम्ही फोटो काढत बसू नका, दारातून दोन-चार काढून ठेवा म्हणजे पुरे. पण उशीर होणार असेल, किंवा छत गळतंय आणि रक्तावर पाणी ठिबकतंय अशी वेळ असेल, तर पूर्ण क्रमाने काढा. मोबाइलवर काढताना ब्युटी, पोर्ट्रेट असले मोड बंद करा. ०.५ एक्स वाली रुंद लेन्स वापरू नका, ती कडेच्या वस्तू ताणून दाखवते. त्यापेक्षा मागे सरकून १ एक्स. पहिला फोटो एका कागदाचा: तारीख, वेळ, पत्ता, स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक, काढणाऱ्याचं नाव. त्यानंतर बाहेरून आत या. गल्लीचं तोंड, घराचा दर्शनी भाग आणि घर नंबर, दार, मग हॉलच्या चारही कोपऱ्यांतून समोरच्या कोपऱ्याकडे बघून एकेक, उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून. एका फोटोतली भिंत पुढच्यातही थोडी दिसली पाहिजे, म्हणजे जोडून बघता येतं. चौथ्या कोपऱ्यात जायला रक्त ओलांडावं लागत असेल तर तो कोपरा सोडा आणि का सोडला ते लिहा.

ही पहिली फेरी कुठलाही क्रमांकाचा ठोकळा न ठेवता. दुसऱ्या फेरीत ठोकळे. याचं कारण असं की ठोकळा ठेवायला वाकलेला माणूस स्वतःच एखादी गोष्ट हलवू शकतो, आणि मग "ठोकळा ठेवण्याआधी हे असंच होतं का" या प्रश्नाला उत्तर फक्त पहिल्या फेरीतल्या फोटोंत असतं. प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूचे निदान तीन फोटो: एक मधल्या अंतराचा, ज्यात सुरी आणि मयताचा हात किंवा दाराची चौकट एकत्र दिसते, एक जवळून, पट्टीशिवाय, आणि एक जवळून, पट्टीसकट. मधल्या अंतराचा फोटो लोक हमखास विसरतात. मग सुरीचा सुंदर फोटो असतो, पण ती कुठल्या खोलीतली, कशाच्या शेजारची, हे सांगता येत नाही.

ओल्या रक्तावर फ्लॅश मारला की पांढरा चट्टा येतो आणि डाग गायब होतो. टॉर्च बाजूने धरा. फोटोत आपली सावली, आपले बूट, आरशात आपला चेहरा येतोय का ते एकदा बघा. काढलेला एकही फोटो डिलीट करायचा नाही, हललेला आला तरी नाही. फोनमधला अनुक्रम ४१ वरून ४३ वर गेला की ४२ मध्ये काय होतं हे तुम्हाला साक्षीत सांगावं लागतं. अशा दीड खोलीच्या घरात साठ-सत्तर फोटो सहज होतात, त्यातले पाच वाईट असले तरी काही बिघडत नाही.

व्हिडिओ घेताना हे लक्षात ठेवा की आवाजही रेकॉर्ड होतो. "बायकोनेच केलं असणार" असं मागून कोणी बोललं तर ते कायमचं त्या पुराव्यात बसलं. हळू फिरवा, सुरुवातीला वेळ आणि जागा सांगा, बाकी गप्प. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं. कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचं चित्रीकरण व्हायचं, अशी तरतूद आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या घरात उचलाउचल तुम्ही करणं अपेक्षितच नाही.

फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. लोकांपर्यंत जातील ही भीती आहेच, पण तांत्रिक कारणही आहे: व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, त्यातली वेळेची वगैरे माहिती निघून जाते, आणि तो मूळ फाइलपेक्षा वेगळा ठरतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेला एक लांबलचक आकडा. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी तो आकडा बदलतो. म्हणून मूळ फाइल फोनमध्ये किंवा कार्डवर जशीच्या तशी, आणि तपास अधिकाऱ्याला द्यायची प्रत केबलने.

फोटो झाल्यावर नकाशा. फोटो कितीही चांगला असला तरी तो अंतर सांगत नाही. लेन्स, कोन, उंची यांनी दोन वस्तू जवळ किंवा लांब भासतात. नकाशाचं काम एवढंच: वस्तू उचलल्यावरही ती नेमकी कुठे होती ते पुन्हा आखता आलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक वस्तू दोन पक्क्या जागांपासून मोजायची. पक्की जागा म्हणजे भिंतीचा कोपरा, दाराची चौकट. फ्रिज, सोफा, टीपॉय नाही. बाहेर असाल तर नंबर असलेला विजेचा खांब चालतो, उभी गाडी नाही.

आपल्या हॉलची दक्षिणेची भिंत पूर्व-पश्चिम ३.६० मीटर आहे असं समजा. तिच्या पश्चिमेच्या कोपऱ्याला अ म्हणा, पूर्वेच्या कोपऱ्याला ब. सुरीचं टोक अ पासून १.९५ मीटर, ब पासून २.३५ मीटर. मुठीचं शेवटचं टोक अ पासून २.१९, ब पासून २.२५. सुरीच्या दोन्ही टोकांची मापं का? एकाच टोकाचं घेतलं तर सुरी कुठे होती ते कळतं, पण पातं दाराकडे होतं की मयताकडे ते कळत नाही. मयताचंही तसंच: डोक्याचा माथा, दोन्ही टाचा, दोन्ही हातांची बोटं.

आता पडताळा. सुरीच्या टोकाचं पश्चिम भिंतीपासून काटकोनातलं अंतर वेगळं मोजलं, ते १.५६ आलं, दक्षिण भिंतीपासून १.१७. १.५६ चा वर्ग २.४३, १.१७ चा १.३७, बेरीज ३.८०, आणि १.९५ चा वर्गही ३.८०. मापं जुळली. समजा वाचणारा "एक पंच्याण्णव" म्हणाला आणि लिहिणाऱ्याने १.५९ लिहिलं, १.५९ चा वर्ग २.५३, म्हणजे तिथेच चूक पकडली जाते. सुरी उचलल्यानंतर ही चूक कळली तर इलाज नसतो. हे गणित प्रत्येक वस्तूला करत बसायची गरज नाही. सगळ्यात महत्त्वाच्या दोन-तीन वस्तूंना करा. सुरीसाठी सोपा पडताळा आणखी एक आहे: तज्ज्ञ ती उचलतील तेव्हा तिची लांबी मोजतीलच. वरच्या मापांवरून दोन टोकांमधलं अंतर साधारण २४ सेंटीमीटर येतं. प्रत्यक्ष सुरी ३० ची निघाली तर कुठलं तरी माप चुकलं आहे.

मोजायला तिघं लागतात: दोघांनी टेप धरायचा, तिसऱ्याने लिहायचं आणि लिहिलेलं मोठ्याने परत वाचायचं. पंच तिथे उभे राहून टेपवरचा आकडा स्वतः बघतील अशी जागा त्यांना द्या. नुसतं सही करायला बोलावलेला पंच उलटतपासणीत पहिल्या प्रश्नालाच गडबडतो. टेप ढिला धरला तर माप जास्त येतं. एकाने फुटात आणि दुसऱ्याने मीटरमध्ये मोजलेला नकाशा तर निरुपयोगीच, सुरुवातीलाच ठरवून वर लिहा. माप गिलाव्याच्या भिंतीपासून घेतलं की खालच्या टाइल्सच्या पट्टीपासून, तेही एकदाच ठरवा.

कागदावर वर उत्तरेचा बाण, "प्रमाणात नाही" असा शेरा, वस्तूंना फोटोतल्या ठोकळ्यांचेच क्रमांक, चतुःसीमा, तारीख, वेळ, काढणाऱ्याची आणि पंचांची सही. दार किती उघडं होतं ते "अर्धवट" असं नको. दाराची कड आणि चौकट यांतलं अंतर सेंटीमीटरमध्ये. भिंतीवर डाग असतील तर जमिनीपासूनची उंची हवीच. त्यासाठी जमिनीच्या चौकोनाच्या बाजूला ती भिंत आडवी पाडल्यासारखी काढा आणि त्यावर डाग टाका. पोलीस ठाण्यात बसून सुबक नकाशा काढला तरी हा चुरगळलेला, खाडाखोडीचा कच्चा कागद फेकायचा नाही. मापं तिथे समोर बसून लिहिलेली आहेत ती त्याच्यावर.

लिहिताना शब्द सांभाळा. पंचनाम्यात "रक्ताचा डाग" नाही, "रक्तासारखा दिसणारा लालसर डाग". "खुनासाठी वापरलेली सुरी" नाही, "लाकडी मुठीची सुरी, पात्यावर लालसर डाग". ते रक्त आहे आणि कोणाचं आहे हे प्रयोगशाळा सांगेल.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. समजा भिंतीकडेनं जाताना तुमच्या बुटाला टीपॉयवरचा कप लागला आणि तो फरशीवर पडला. हात पुढे जाईल, उचलून परत ठेवावासा वाटेल. ठेवू नका. तो होता तिथे परत ठेवला तरी मूठ पूर्वेला होती की उत्तरेला हे तुम्हाला आठवणार नाही, आणि आता त्यावर तुमचे ठसेही आले. पडला तसाच राहू द्या, फोटो घ्या आणि लिहा: "२०.५८ वाजता आत जात असताना माझ्या उजव्या पायाचा धक्का लागून टीपॉयवरील पांढरा कप खाली पडला. आधी तो टीपॉयच्या दाराकडील कडेजवळ होता. परत ठेवला नाही." तपास अधिकारी आल्यावर तोंडी सांगा, आणि तुमच्या बुटांच्या तळव्यांचाही एक फोटो त्यांच्या हवाली करा. त्यांना ताबा देताना वही, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, फोटोंचा पहिला आणि शेवटचा क्रमांक आणि ताबा दिल्याची वेळ एकाच ओळीत लिहून त्यांची सही घ्या. चिखलातलं घमेलं कशावर झाकलंय तेही त्याच वेळी दाखवून ठेवा, नाहीतर कोणीतरी ते बाजूला करून त्याच जागेवर पाय ठेवतो.